चौदा शॉट, एकच हात: जनरेट केलेल्या बॅकग्राउंडची शैली कशी टिकवायची

इमेज जनरेटरकडून एक देखणं बॅकग्राउंड मिळवायला दहा मिनिटं पुरतात. अडचण दुसऱ्या बॅकग्राउंडपासून सुरू होते. सुटी पाहिली तर दोन्ही चित्रं छान असतात, पण टाइमलाइनवर शेजारी ठेवली की ती दोन वेगळ्या माणसांनी रंगवल्यासारखी दिसतात. कारण साधं आहे. प्रत्येक चित्र नव्या नॉइजपासून, म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांच्या गोंधळापासून, सुरू होतं आणि आधीचा शॉट कसा होता हे मॉडेलला ठाऊकच नसतं. ‘वॉटरकलर’ या एका शब्दाखाली त्याने हजारो तऱ्हांची चित्रं पाहिलेली असतात, आणि त्यातली कोणती तऱ्हा पुढे येणार हे चित्रात काय आहे त्यावर बरंचसं ठरतं. झाडं मागितली की ओलसर फटकारे येतात. खोली मागितली की कडा कोरीव होतात. रात्र मागितली की फोटोसारखा उजेड शिरतो.

म्हणून प्रॉम्प्टमधल्या शब्दांवर शैली सोडू नये. शब्दांनी चित्रात काय हवं ते सांगावं, रचना ब्लेंडरमधल्या साध्या ठोकळ्यांवरून घ्यावी, आणि शैली एका हाताने दुरुस्त केलेल्या चित्रावरून. ही तीन कामं वेगळी ठेवली की बिघाड कुठे झाला तेही लगेच कळतं.

उदाहरणासाठी दीड मिनिटाची टूडी फिल्म धरू. पात्रं हाताने काढलेली, बॅकग्राउंड जनरेट केलेली, जागा कोकणातलं एक घर. शॉट १ ते ५ सकाळच्या अंगणात, ६ ते ९ पडवीवर, १० ते १४ तिन्हीसांजेला माजघरात. साधनं: स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे मॉडेल, ते चालवायला कंफीयूआय, ठोकळ्यांसाठी ब्लेंडर, हातच्या दुरुस्तीला क्रिता. ही सगळी आपल्याच संगणकावर चालतात, म्हणून काम अर्ध्यावर असताना कुणी मॉडेल बदलून टाकेल अशी धास्ती राहत नाही.

आधी नमुना-प्लेट

पहिलं काम म्हणजे साऱ्या फिल्मचं माप ठरवणारं एकच चित्र तयार करणं. याला नमुना-प्लेट म्हणू. त्यात ऊन आणि सावली दोन्ही हवी, जवळची आणि लांबची वस्तू हवी, पालवी हवी आणि सपाट भिंतही हवी. आपल्या फिल्ममध्ये शॉट १ चं अंगण यासाठी चांगलं: पुढे तुळशी वृंदावन, मधे चिऱ्याची भिंत, वर कौलारू छप्पर, मागे माड. नुसत्या आकाशाचं किंवा नुसत्या झाडाचं चित्र नमुना म्हणून घेतलं, तर भिंत कशी रंगवायची याचं उत्तर त्यात सापडत नाही आणि मॉडेल ते स्वतःच्या मनाने भरतं.

तीस-चाळीस चित्रं काढा आणि त्यातलं एक निवडा. निवडताना वस्तू बरोबर आहेत का हे पाहू नका, फटकारा आणि उजेड पाहा. वस्तू हाताने दुरुस्त करता येतात, आणि कराव्याच लागतात. हे मॉडेल चिऱ्याऐवजी हमखास विटा काढतं, मंगलोरी कौलांऐवजी गोल पन्हळी, आणि वृंदावनाचं कधी कारंजं तर कधी फुलांची कुंडी होते. क्रितामध्ये हे सगळं पुन्हा रंगवा. जांभ्याचे चिरे विटेपेक्षा बरेच मोठे असतात आणि त्यांच्या अंगावर बारीक छिद्रं असतात. एवढं दाखवलं तरी भिंत कोकणातली होते. या दुरुस्तीला एक दिवस गेला तरी जाऊ द्या, कारण इथे राहिलेली चूक पुढच्या तेरा शॉटमध्ये उतरते.

मग या प्लेटची मापं लिहून ठेवा. क्रिताच्या रंग उचलण्याच्या साधनाने सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा तपासा. समजा, गडद जागेचं व्हॅल्यू १८ टक्के निघालं आणि उजळ जागेचं ९४. म्हणजे या फिल्मच्या बॅकग्राउंडमध्ये शुद्ध काळा नाही आणि शुद्ध पांढराही नाही. सर्वांत भडक रंगाचं सॅच्युरेशन नोंदवा, समजा ६५ टक्के. बाह्यरेषेची जाडी पिक्सेलमध्ये मोजा. १३४४ रुंदीच्या चित्रात दोन ते तीन पिक्सेल ठीक. शेवटी प्लेटमधले सहा मुख्य रंग एका पट्टीवर ठेवा. शैलीबद्दल टीममध्ये वाद झाला की विशेषणांपेक्षा हे आकडे कामी येतात.

माजघरातल्या संध्याकाळसाठी दुसरी प्लेट लागेल. ती नव्याने जनरेट करू नका. सकाळच्या शैलीत आधी माजघराचं चित्र घ्या, त्यावर निळसर जांभळा थर मल्टिप्लाय मोडमध्ये घाला, समईभोवती पिवळा-नारिंगी उजेड हाताने रंगवा, आणि हे चित्र इमेज-टू-इमेजमधून एकदा फिरवा. चित्र किती बदलायचं ते ठरवणारा `denoise` हा आकडा ०.३५ ठेवा. एवढ्या कमी आकड्यावर आकार हलत नाहीत, फक्त हाताने घातलेला थर चित्रात मिसळतो. सुरुवातच ‘रात्र’ किंवा ‘दिव्याचा उजेड’ अशा शब्दांनी केली तर चित्र फोटोकडे ओढलं जातं.

ठोकळ्यांचं घर

ब्लेंडरमध्ये घराचा साधा साचा उभा करा. भिंतींना ठोकळे, छपराला दोन उतरते पृष्ठभाग, खांबांना नळकांडी, वृंदावनाला एक चौकोनी खांब. रंग, पोत काही नको. यातून मिळतं ते एवढंच की पडवीवरच्या चारही शॉटमध्ये खांब त्याच जागी आणि तितकेच राहतात. प्रॉम्प्टमध्ये ‘तीन खांब’ लिहून तीनच खांब येतील याचा भरवसा नसतो. कॅमेऱ्याची लेन्स साऱ्या फिल्मसाठी दोनांपुरती ठेवा, लांबच्या शॉटना ३५ मिलिमीटर आणि जवळच्यांना ५०. लेन्स सतत बदलत गेली तर रंग जुळूनही घर वेगळं वाटतं.

प्रत्येक शॉटच्या कॅमेऱ्यातून मिस्ट पास, म्हणजे अंतर दाखवणारं करडं चित्र, रेंडर करून घ्या. इथे नवखे हमखास अडकतात. ब्लेंडरच्या मिस्ट पासमध्ये जवळची वस्तू काळी आणि लांबची पांढरी येते, तर या चित्रावरून रचना धरून ठेवणाऱ्या डेप्थ कंट्रोलनेटला नेमकं उलट हवं असतं. चित्र इन्व्हर्ट केलं नाही तर माड अंगणाच्या पुढे येतात आणि वृंदावनाच्या जागी खड्डा पडतो. मिस्टची हद्द शॉटमधल्या सर्वांत लांबच्या वस्तूपर्यंतच ठेवा, नाहीतर घराचे सगळे करडे रंग एकमेकांना चिकटतात आणि मॉडेलला खांब भिंतीपासून वेगळा कळत नाही.

कंट्रोलनेटचा जोर ०.७ ठेवा आणि `end_percent` सुद्धा ०.७. म्हणजे पहिल्या सत्तर टक्के पायऱ्यांपर्यंत रचना ठोकळ्यांना धरून राहील आणि शेवटच्या तीस टक्क्यांत फटकाऱ्याला मोकळीक मिळेल. दोन्ही आकडे १ केले की कौलांच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ येतात. चित्र रंगवलेलं न वाटता रेंडर वाटायला लागलं तर पहिला संशय याच जागेचा घ्या.

शैली चित्रातून द्यायची

नमुना-प्लेटची शैली नव्या शॉटमध्ये नेण्यासाठी आयपी-अडॅप्टर वापरा. त्यात `weight_type` या जागी `style transfer` निवडा आणि `weight` ०.७ पासून सुरुवात करा. जोर जास्त झाला की नमुन्यातल्या वस्तूच गळून नव्या चित्रात येतात. माजघराच्या कोपऱ्यात वृंदावनासारखं काही उगवलं किंवा छताला हिरवळ चिकटली, तर आकडा ०.०५ ने खाली आणा. फटकारा गुळगुळीत होऊन तेच ते ‘कॉन्सेप्ट आर्ट’ दिसायला लागलं, तर तितकाच वर न्या.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आयपी-अडॅप्टर आपली प्लेट पूर्ण आकारात पाहतच नाही. त्यामागचा इमेज एन्कोडर ती चौकोनी करून २२४ बाय २२४ पिक्सेलपर्यंत लहान करतो. आडवी प्लेट जशीच्या तशी दिली तर दोन्ही बाजू कापल्या जातात, आणि उरलेल्या भागातला कोरडा फटकारा इतका बारीक होतो की दिसेनासा होतो. रंग उतरले पण ब्रश उतरला नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. उपाय असा की प्लेटमधून ५१२ बाय ५१२ चे तीन-चार चौकोन कापून ठेवा: एक उन्हातल्या भिंतीचा, एक सावलीतला, एक पालवीचा, एक कौलांचा. ज्या शॉटमध्ये जे जास्त आहे त्याला जुळणारे दोन चौकोन आणि सोबत पूर्ण प्लेटची चौकोनी प्रत, असे तीन नमुने एकत्र द्या.

दर वेळी नमुना म्हणून मूळ प्लेटच द्यायची. शॉट ४ छान आला म्हणून शॉट ५ ला तो नमुना द्यायचा मोह होतो, तो टाळा. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं होतं. प्रत्येक टप्प्यावर रंग जरा भडक होतो, कडा जरा कोरीव होते. शेजारच्या दोन शॉटमध्ये हा फरक कळत नाही, पण १ आणि ९ शेजारी ठेवले की डोळ्यांवर येतो.

प्रॉम्प्टचे दोन भाग करा. शैलीचा भाग अक्षरशः कॉपी-पेस्ट, बदलायचा तो फक्त दुसरा:

```
gouache background painting, flat opaque shapes,
thin brown outline, dry-brush edges,
verandah of a laterite stone house, wooden posts,
sloping clay tile roof, morning sun from left
```

आणि निगेटिव्ह:

```
photo, bokeh, lens flare, 3d render, brick wall, people
```

शब्दांचा क्रमही तोच ठेवा, कारण शब्दाची जागा हलली की त्याचा जोर थोडा बदलतो. ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘सिनेमॅटिक’ या अर्थाचे शब्द काढून टाका. ते प्रत्येक शॉटमध्ये वेगळा तमाशा उभा करतात. प्रकाशाची दिशा मात्र दर वेळी लिहा. सकाळचं ऊन शॉट २ मध्ये डावीकडून असेल आणि कॅमेरा उलट्या बाजूला गेल्यावर शॉट ३ मध्येही डावीकडूनच आलं, तर चूक शैलीची नसते, पण प्रेक्षकाला खटकते. ब्लेंडरमधल्या साच्यात एक सूर्य लावून ठेवला तर सावली कुठे पडेल हे डोळ्यांनी पाहून लिहिता येतं.

बाकीचे आकडे गोठवा: आकार १३४४ बाय ७६८, पायऱ्या ३०, सीएफजी ६, सॅम्पलर एकच, मॉडेलची फाइल एकच, शेवटी चित्राचे पिक्सेल बनवणारा व्हीएई एकच. व्हीएई नकळत बदलला तर सगळी चित्रं एकदम फिकट किंवा एकदम गडद येतात आणि माणूस तासभर प्रॉम्प्ट चाळत बसतो.

सीडबद्दल गैरसमज फार आहे. सीड फक्त सुरुवातीचा नॉइज ठरवतो. तोच सीड, तोच आकार आणि तीच बाकी सगळी मांडणी असेल तर तेच चित्र पुन्हा मिळतं, म्हणून तो लिहून ठेवावा. पण मजकूर बदलल्यावर तो शैली धरून ठेवत नाही. चौदाही शॉटना एकच सीड दिला तर शैलीऐवजी उजेड-अंधाराची ठेवण सारखी यायला लागते, म्हणजे दर चित्रात वरचा डावा कोपराच उजळ. शॉटप्रमाणे सीड बदला आणि फाइलच्या नावात नोंदवा, उदाहरणार्थ `sh07_plateA_s48213.png`. कंफीयूआय आपल्या पीएनजीमध्ये सगळी मांडणी साठवतं. ती फाइल खिडकीत ओढून टाकली की सगळे आकडे परत येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत मात्र ही माहिती उरत नाही, तेव्हा मूळ फाइल ड्राइव्हवरून किंवा डॉक्युमेंट म्हणून द्या.

जवळचा शॉट आणि रेषेची जाडी

लांबच्या शॉटमधूनच कापून जवळचा शॉट करणं सोपं वाटतं. पण अडीच पिक्सेलची रेषा दुप्पट मोठी केली की पाच पिक्सेलची होते, आणि पात्राची रेषा तेवढीच राहते. पात्र मग बॅकग्राउंडवर चिकटवल्यासारखं दिसतं. पंधरा टक्क्यांपर्यंतची वाढ चालून जाते. त्यापुढे त्या कॅमेऱ्याचा नवा डेप्थ घेऊन शॉट वेगळा काढा. पॅन असेल तर उलट करा: आधी रुंद चित्र तयार करून त्यावर कॅमेरा सरकवा, दोन चित्रं जोडू नका.

चेहऱ्यामागचं बॅकग्राउंड धूसर हवं असेल तर ते जनरेटरकडे मागू नका. त्या मागणीबरोबर फोटोतले गोल ठिपके येतात. नेहमीसारखं स्वच्छ चित्र घ्या आणि क्रितामध्ये कडा मऊ करा, किंवा तपशील कमी करून मोठ्या ब्रशने पुन्हा मारा. गुआशमध्ये रंगवणारा माणूसही तेच करतो.

तपासणी

चौदाही चित्रं एका पानावर छोट्या आकारात मांडा, एका ओळीत पाच. लांबून पाहा, मग तेच पान कृष्णधवल करा. रंग काढून टाकला की कोणत्या शॉटचा काळा जास्त खोल आहे ते लगेच दिसतं. नंतर रंगीत पानाला जबर ब्लर द्या. आता प्रत्येक शॉट म्हणजे तीन-चार रंगांचे डाग. एका जागेचे डाग एका कुटुंबातले वाटले पाहिजेत. शेवटी सगळी चित्रं दोन-दोन सेकंद टाइमलाइनवर चालवा. ज्या कटला डोळा दचकतो तो शॉट बाजूला काढा.

समजा, शॉट ११ दचकवतो. माजघर, कोपऱ्यात समई, उघडं दार. मोजून पाहिलं तर गडद जागेचं व्हॅल्यू ६ टक्के, ठरलेलं होतं १८. ज्योतीभोवतीचं सॅच्युरेशन ९० च्या वर. भिंतीवर ब्रश नाही, गुळगुळीत उतरता उजेड आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कर्व्ह्जने सुटतात: काळ्याचं टोक वर उचला, नारिंगीचं सॅच्युरेशन खाली आणा. तिसरी सुटत नाही, कारण जो फटकारा चित्रात नाही तो रंग बदलून येत नाही. म्हणून नमुन्यात सावलीतल्या भिंतीचा चौकोन दिलाय का ते पाहा. बहुधा त्याच्या जागी उन्हातला गेलेला असतो. तो बदलून, तोच डेप्थ आणि तोच सीड ठेवून चित्र पुन्हा काढा. तरीही गुळगुळीतच आलं तर संध्याकाळच्या प्लेटमधली भिंत कापून ढोबळपणे त्या जागी ठेवा आणि `denoise` ०.४५ वर फक्त तेवढ्या भागाचं इनपेंटिंग करा. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर भिंत हाताने रंगवा. तासभरात होते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासापर्यंत सीड बदलत बसण्यापेक्षा स्वस्त पडते.

पाचांतले दोन-तीन शॉट असेच फसत असतील, तर मात्र शैलीची लोरा, म्हणजे मॉडेलवर बसवायची छोटी जोडफाइल, शिकवण्याचा विचार करावा. त्यासाठी त्याच हाताची वीस-पंचवीस चित्रं लागतात आणि त्यांत खोली, झाड, लांबचं, जवळचं असं सगळं असावं लागतं. ती न दुरुस्त करता दिली तर लोरा विटांची भिंतच शिकते. चौदा शॉटच्या फिल्मला हा खटाटोप सहसा परवडत नाही.

शेवटचे थर

क्रम असा: हातची दुरुस्ती, मग अपस्केल, मग कर्व्ह्ज, मग कागदाचा पोत, मग पात्रांसकट सगळ्यावर एकच ग्रेड. १३४४ वरून १९२० रुंदीला गेलं की उंची १०९७ होते. वरखालून मिळून सतरा ओळी छाटा, चित्र दाबून १०८० मध्ये बसवू नका. अपस्केलर सर्वांना एकच, आणि त्यात पुन्हा जनरेशन असेल तर `denoise` ०.२५ च्या खाली. त्याच्या वर गेलं की पानापानाला शिरा फुटतात आणि सपाट गुआश केसाळ दिसायला लागतो. कागदाचा पोत प्रॉम्प्टमध्ये मागू नका, दर शॉटला वेगळ्या आकाराचा येतो. एक खरा खरबरीत कागद स्कॅन करून तो सगळ्या शॉटवर त्याच आकारात, दहा-बारा टक्के अपारदर्शकतेने ठेवा. विस्कटलेलं बरंच काही या एका थराने एकत्र बांधलं जातं.

मिडजर्नीवर काम असेल तर तत्त्व हेच, बटणं वेगळी. नमुना-प्लेट `--sref` ने द्या. जोर `--sw` ने बदलतो, मूळ आकडा १०० आणि मर्यादा ० ते १०००. `--v` प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहा, कारण नवी आवृत्ती आली की तोच नमुना वेगळा वाचला जातो. फिल्म ज्या आवृत्तीत सुरू केली त्यातच संपवा.

दिग्दर्शक महिन्याभराने पंधरावा शॉट मागणार हे गृहीत धरा. त्या दिवशी हाताशी हव्यात त्या गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवा: दोन्ही नमुना-प्लेट आणि त्यांचे चौकोन, ब्लेंडरची फाइल, मॉडेल आणि व्हीएईच्या फाइली, मूळ पीएनजी, कागदाचा स्कॅन, आणि मापांचं ते एक पान.